कर्ज काढून जिनिंग कंपनी विकत घेताना: आधी रोकड, मग कर्ज, शेवटी किंमत

यवतमाळ, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांना गेल्या काही वर्षांत एक व्यवहार वारंवार होताना दिसतो. जिनिंग-प्रेसिंगचा जुना मालक थकलेला असतो, मुले पुण्याला किंवा नागपूरला स्थिरावलेली असतात, आणि गावातलाच एखादा अडत्या किंवा कारखान्याचा व्यवस्थापक ती कंपनी विकत घ्यायला पुढे येतो. त्याच्याजवळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे असतात; उरलेले तो कर्जाने उभे करतो आणि ते कर्ज कंपनीच्याच कमाईतून फेडायचे ठरवतो. यालाच लिव्हरेज्ड बायआउट म्हणतात. साध्या कर्जापेक्षा त्यात फरक एवढाच की परतफेडीचा मुख्य आधार खरेदीदाराचा खिसा नसून विकत घेतलेल्या कंपनीतून निघणारी रोकड असते.

हे व्यवहार फसतात त्यामागे बहुतेक वेळा क्रमाची चूक असते. आधी किंमत ठरते, मग तेवढे कर्ज शोधले जाते, आणि हप्ता कशातून भरायचा हा प्रश्न पहिल्या मार्चमध्ये समोर येतो. योग्य क्रम याच्या नेमका उलटा आहे. पुढे एका जिनिंग कंपनीचे उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. त्यातली कंपनीची रक्कम, व्याजदर आणि मुदत हे आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत. आपल्या व्यवहारात त्या जागी आपले आकडे घालावेत.

टप्पा १: ताळेबंदाच्या आधी आवार पाहा

ताळेबंद हाती येण्यापूर्वी दोन कागद आणि एक फेरी आवश्यक आहे. पहिला कागद म्हणजे सातबारा. कारखाना कंपनीचा असला तरी खालची जमीन वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर असल्याचे आपल्याकडे नेहमी आढळते. तसे असेल तर शेअर विकत घेऊन जमीन आपल्याकडे येत नाही, आणि कर्ज देणाऱ्यालाही ती तारण मिळत नाही. जमीन अकृषिक झाली आहे का, आणि भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, तर नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

दुसरा कागद म्हणजे महावितरणचे चालू बिल आणि थकबाकीचा उतारा. शेअर विकत घेतले म्हणजे कंपनीची सगळी जुनी देणी तिच्यासोबत आपल्याकडे येतात. त्यात वीजबिल, भविष्य निर्वाह निधी, जीएसटी आणि शेतकऱ्यांचे राहिलेले चुकारे हे सगळे आले. चुकाऱ्यांची यादी हिशेबनिसाकडून घेऊन थांबू नये. बाजार समितीतही चौकशी करावी.

फेरी मारायची ती गोदामातून. आवारात रचलेल्या सगळ्या गाठी कंपनीच्या असतीलच असे नाही. भारतीय कापूस महामंडळासाठी, म्हणजे सीसीआयसाठी, मजुरीवर काम करणाऱ्या कारखान्यात महामंडळाचा कापूस आणि गाठीही पडलेल्या असतात. पाहणीच्या दिवशी भरगच्च दिसणारे गोदाम प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मालाने भरलेले असू शकते.

*तपासणी:* गाठींवरचे क्रमांक प्रेस रजिस्टरशी जुळवून घ्या, आणि प्रत्येक थप्पी कोणाच्या मालकीची आहे हे मालकाकडून लेखी घ्या.

टप्पा २: मजुरीची कमाई आणि भावाची कमाई वेगळी करा

या लेखात सर्वांत जास्त वेळ द्यावा असा टप्पा हाच आहे. जिनिंग कंपनी दोन वेगळ्या मार्गांनी कमावते. एक, दुसऱ्याच्या कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधून देण्याची मजुरी. दोन, स्वतः कापूस विकत घेऊन रुई आणि सरकी विकण्याचा व्यापार. मजुरीची कमाई गाठींच्या संख्येवर चालते आणि बऱ्यापैकी स्थिर असते. व्यापाराची कमाई भावावर चालते, आणि भाव कोणाच्याही हातात नाही.

दोन्ही एकत्र केलेला नफा किती फसवा असतो ते २०२१-२२ च्या हंगामात दिसले. त्या हंगामात रुईचा भाव खंडीमागे एक लाख रुपयांच्या वर गेला, आणि ज्यांच्या गोदामात स्वस्तात घेतलेला माल पडून होता त्यांना एका वर्षात अनेक वर्षांचा नफा झाला. आज विकायला निघालेला मालक तेच वर्ष आधी दाखवतो. याच्या उलट, २०२५ च्या ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले होते. हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. बाजारभाव हमीभावाच्या खाली राहतो तेव्हा कापूस सीसीआयच्या केंद्राकडे वळतो आणि खासगी व्यापाराला जागा उरत नाही. अशा वर्षी कारखान्याला मजुरीच तारते. म्हणून कर्जाचा हिशेब मजुरीवर आणि व्यापाराच्या साध्या, कंटाळवाण्या वर्षांवर बेतावा.

आपल्या उदाहरणातल्या कंपनीने चार हंगामांत व्याज, घसारा आणि कर यांच्या आधीचा नफा असा दाखवला आहे: २०२१-२२ मध्ये ४.१ कोटी, पुढे १.६ कोटी, १.९ कोटी आणि २०२४-२५ मध्ये २.४ कोटी. सरासरी अडीच कोटी निघते, आणि मालक त्याच सरासरीवर बोलतो.

आता दुरुस्त्या करू. २०२१-२२ चे वर्ष सोडून द्यायचे. २०२४-२५ च्या नफ्यात आगीच्या विम्याचे २० लाख मिळालेले आहेत; ते दरवर्षी मिळणार नाहीत, म्हणून त्या वर्षाचे २.२ कोटी धरायचे. राहिलेल्या तीन वर्षांची सरासरी १.९ कोटी होते. मालक आणि त्याचा भाऊ कारखान्यात दिवसभर राबत होते, पण पगार घेत नव्हते. त्यांच्या जागी व्यवस्थापक ठेवला तर वर्षाला १५ लाख लागतील. कापूस टाकायचे एक आवार कुटुंबाचे होते, त्याचे भाडे ५ लाख. हे २० लाख वजा केले की १.७ कोटी उरतात. अडीच कोटींची कंपनी कागदावर एवढी लहान होते, आणि खरी कंपनी तीच आहे.

*सावधान:* मालकाने न घेतलेला पगार हा नफा नव्हे. घरच्या माणसांनी फुकट केलेले काम खरेदीनंतर पगारावरच करून घ्यावे लागते.

टप्पा ३: नफ्यातून हप्त्याला उरणारी रोकड काढा

१.७ कोटी हा नफा आहे, हप्त्यासाठी मोकळी रोकड नाही. मधल्या कपाती एकेक करून घेऊ.

हंगामात कापूस विकत घ्यायला बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा लागते. सरासरी ६ कोटी सहा महिने वापरले आणि व्याज १० टक्के धरले, तर ३० लाख जातात. जिनचे रोलर, प्रेसची दुरुस्ती, पट्टे, मोटारी यांवर दरवर्षी १५ लाख खर्च व्हायलाच हवेत. हा खर्च पहिल्या वर्षी टाळता येतो, दुसऱ्या वर्षी कापसातून निघणाऱ्या रुईचा उतारा घसरतो आणि तिची प्रत खाली येते, म्हणून तो कागदावरून काढू नये. कर काढताना १.७ कोटींतून बँकेचे ३० लाख व्याज आणि २५ लाख घसारा वजा करून उरलेल्या १.१५ कोटींवर सुमारे २५ टक्के दराने २९ लाख धरू. खरेदीच्या कर्जाचे व्याज या हिशेबात मुद्दामच वजा केलेले नाही. त्याचे कारण पाचव्या टप्प्यात येईल. भाव थोडा चढला तरी तेवढ्याच कापसाला जास्त पैसे गुंततात, त्यासाठी ६ लाख राखू.

१७० लाखांतून ३०, १५, २९ आणि ६ वजा केले की ९० लाख उरतात. हप्त्याला मिळणारी रोकड एवढीच.

*तपासणी:* हा आकडा गेल्या तीन वर्षांच्या बँक खात्याच्या उताऱ्याशी पडताळा. नफा कागदावर असेल आणि मेअखेरीस कॅश क्रेडिट खाते दरवर्षी आधीपेक्षा जास्त उचललेले दिसत असेल, तर नफा कुठेतरी मालात किंवा उधारीत अडकला आहे.

टप्पा ४: रोकडीवरून कर्ज, आणि कर्जावरून किंमत

९० लाख उरतात म्हणून ९० लाखांचा हप्ता बांधायचा नसतो. उपलब्ध रोकड आणि वर्षाचा हप्ता यांच्या प्रमाणाला बँकवाले डीएससीआर म्हणतात. कापसासारख्या पावसावरच्या धंद्यात ते दीडच्या खाली जाऊ देऊ नये असे माझे मत आहे. त्या हिशेबाने वर्षाचा हप्ता ६० लाखांपर्यंतच बसतो. वित्तसंस्थेचा दर १४ टक्के आणि मुदत सहा वर्षे धरली, तर ६० लाखांच्या वार्षिक हप्त्यात सुमारे २.३ कोटींचे कर्ज फिटते. कंपनी पेलू शकेल असे कर्ज तेवढेच.

समजा मालकाच्या आग्रहावरून ४ कोटींचे कर्ज काढले. तर त्याच दराने आणि मुदतीने वर्षाचा हप्ता सुमारे १.०३ कोटी होतो. कंपनी चांगल्या, सामान्य वर्षीही तो भरू शकत नाही. आणि हे सही करण्याच्या दिवशीच दिसत असते.

आता वाईट वर्ष तपासू. बोंडअळी किंवा ऐन वेचणीतल्या पावसाने गाठी घटल्या आणि दुरुस्त नफा १.७ वरून १.१ कोटींवर आला असे धरा. खरेदी कमी म्हणून बँकेचे व्याज २५ लाख, देखभाल १५ लाख, कर १५ लाख; उरले ५५ लाख. हप्त्याला ५ लाख कमी पडतात. म्हणून सुरुवातीलाच अर्ध्या वर्षाच्या हप्त्याएवढे ३० लाख मुदत ठेवीत वेगळे ठेवायचे, आणि ते किमतीत मोजायचे नाहीत. तीन लागोपाठ वाईट वर्षे या ठेवीलाही झेपणार नाहीत. तो धोका खरेदीदाराने स्वतः स्वीकारायचा असतो.

एवढे झाल्यावर किंमत काढायची. खरेदीदाराचे १.७ कोटी, कर्ज २.३ कोटी, आणि विकणाऱ्याने नंतर घ्यायचे कबूल केलेले ६० लाख, मिळून ४.६ कोटी होतात. त्यातून ३० लाख ठेव आणि २० लाख वकील, सीए, मुद्रांक व मूल्यांकनाचा खर्च काढला की मालकाला देण्याजोगी किंमत ४.१ कोटी राहते. मालक ६ कोटी मागत असेल, तर त्याचे कारण बहुधा रस्त्याकडेची जमीन असते. ती किंमत खोटी नाही, पण जमिनीने हप्ता भरला जात नाही. जमिनीसाठी ६ कोटी द्यायचे असतील तर तो जमिनीचा व्यवहार समजून स्वतःच्या पैशाने करावा, कंपनीवर कर्ज लादून नव्हे.

*सावधान:* विकणाऱ्याचे ६० लाख दुसऱ्या वर्षापासून वर्षाला २० लाख, आणि तेही मुख्य कर्जाचा हप्ता भरल्यानंतर आणि डीएससीआर १.३ च्या वर असेल तरच, असे करारात लिहा. ही रक्कम त्याच्याजवळ अडकलेली असणे आपल्या हिताचे आहे: जुनी थकबाकी निघाली तर ती यातून वळती करता येते.

टप्पा ५: कंपनीतली रोकड कर्जापर्यंत कशी पोहोचेल ते आधी ठरवा

रोकड कंपनीत निर्माण होते आणि कर्ज खरेदीदाराच्या नावावर असते. या दोघांमधली वाट कायद्याने आखलेली आहे. सर्वांत सामान्य चूक अशी, की दोन भाऊ स्वतःच्या नावाने कर्ज घेऊन शेअर घेतात, संचालक होतात, आणि मग कंपनीच्या खात्यातून आपले हप्ते भरू लागतात. कंपनी कायदा २०१३ चे कलम १८५ संचालकाला असे कर्ज देण्यास आणि त्याच्या कर्जाला कंपनीने हमी देण्यास साधारणपणे मनाई करते. ते पैसे पगार म्हणून घेतले तर त्यावर वैयक्तिक कर लागतो. कारखाना उत्तम चालत असतानाही खरेदीदार अशा वेळी अडचणीत येतो.

नीट वाट अशी आहे. खरेदीदार एक नवी खासगी कंपनी काढतो, स्वतःचे पैसे तिच्यात भांडवल म्हणून टाकतो, कर्ज ती कंपनी घेते आणि जिनिंग कंपनीचे सगळे शंभर टक्के शेअर तीच विकत घेते. पुढे दोन्ही कंपन्या एकमेकींत विलीन करायच्या, म्हणजे कर्ज आणि रोकड एकाच छताखाली येतात. संपूर्ण मालकीची उपकंपनी असल्याने कलम २३३ चा जलद मार्ग वापरता येतो. त्याला भागधारकांसोबतच रकमेच्या नऊदशांश धनकोंची संमती लागते, म्हणून कॅश क्रेडिट देणाऱ्या बँकेशी बोलणी व्यवहाराच्या आधी करावीत, नंतर नव्हे.

विलीनीकरण होईपर्यंत रोकड लाभांशाच्या रूपानेच वर जाऊ शकते, आणि तो लाभांश नव्या कंपनीच्या हातात करपात्र ठरतो. २५ टक्के धरले, तर ६० लाख हप्त्यासाठी हाती पडायला ८० लाखांचा लाभांश काढावा लागेल. आपल्या उदाहरणात कंपनीचा कर भरल्यानंतरचा नफा सुमारे ८६ लाख आहे, म्हणजे हे जेमतेम बसते. विलीनीकरणानंतर खरेदीच्या कर्जाचे व्याज खर्चात धरता येईल का, याबद्दल सीएचे मत लेखी घ्यावे. मिळाले तर बरे. हिशेब मात्र न मिळण्यावरच बांधावा, म्हणून तिसऱ्या टप्प्यात ते सोडले होते.

जिनिंग कंपनी पब्लिक लिमिटेड असेल, किंवा एखाद्या पब्लिक कंपनीची उपकंपनी असेल, तर कलम ६७ प्रमाणे तिला स्वतःच्याच शेअरच्या खरेदीसाठी तारण किंवा हमी देता येत नाही. हे पहिल्याच दिवशी तपासावे.

कर्ज कोण देईल, याचेही उत्तर याच टप्प्यात लागते. शेअर विकत घेण्यासाठी बँकांनी कर्ज देण्यावर आपल्याकडे दीर्घकाळ कडक मर्यादा होत्या. ऑक्टोबर २०२५ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने कंपनी खरेदीसाठी बँकांना कर्ज देता यावे अशी चौकट आणण्याची घोषणा केली, परंतु तालुक्यातल्या जिनिंगसाठी तिच्यावर विसंबून योजना आखू नये. व्यवहारात बिगरबँक वित्तसंस्था आणि विकणाऱ्याची उधारी हेच दोन मार्ग उरतात. शेअरऐवजी कारखाना, यंत्रे आणि व्यवसाय एकगठ्ठा विकत घेतला तर बँकेचे मुदत कर्ज मिळण्याची शक्यता वाढते आणि जुनी देणी करारातून बरीचशी वेगळी ठेवता येतात. मात्र परवाने, वीजजोडणी आणि जमिनीचे मुद्रांक शुल्क नव्याने पाहावे लागते.

टप्पा ६: हप्ते हंगामाला बांधा

वित्तसंस्थेच्या छापील करारात मासिक हप्ता असतो. तो जिनिंगसाठी धोक्याचा आहे. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत कारखान्यात रुपया येत नाही, आणि नेमका त्याच काळात यंत्रांची दुरुस्ती व पहिल्या खरेदीची तयारी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पैसा कापसात जातो, आणि शेतकऱ्यांकडून घेतलेल्या कापसावर उलट आकारणीने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, ५ टक्के जीएसटी रोखीने भरावा लागतो. पैसा मोकळा होतो तो फेब्रुवारीनंतर, गाठी विकल्या आणि मजुरीची बिले निघाली की. म्हणून ६० लाखांचे तीन भाग करून ते १५ मार्च, १५ मे आणि १५ जूनला द्यायचे असे वेळापत्रक करारातच लिहून घ्यावे.

मासिक ५ लाखांचा हप्ता स्वीकारला, तर ऑगस्ट ते नोव्हेंबरचे २० लाख कॅश क्रेडिटमधून भरले जातात. कापसासाठी दिलेला पैसा हप्त्यात जातो, मार्जिन कमी पडते, बँक उचल रोखते, आणि ऐन हंगामात फाटकावर गाड्या उभ्या असताना खरेदी थांबते. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि मग दुसरी बँकही मर्यादा देत नाही. मी पाहिलेल्या एका व्यवहारात कर्जाचा आकडा योग्य होता, किंमत योग्य होती, फक्त तारखा चुकल्या होत्या. दोन हंगामांत कारखाना भाड्याने द्यावा लागला.

*तपासणी:* बारा महिन्यांचा एक तक्ता करा, आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी कॅश क्रेडिटमध्ये किती मर्यादा शिल्लक राहते ते लिहा. एकाही महिन्यात ती शून्याच्या खाली जात असेल तर सही करू नका.

घर किंवा शेती अतिरिक्त तारण म्हणून मागितली जाते, आणि वैयक्तिक हमी बहुधा द्यावीच लागते. ती निदान रकमेने मर्यादित करून घ्यावी, आणि निम्मे मुद्दल फिटल्यावर ती संपेल असे कलम घालण्याचा आग्रह धरावा.

टप्पा ७: ताबा जून ते सप्टेंबरमध्ये घ्या

हंगामात ताबा घेतला तर आवारातल्या हजारो क्विंटल कापसाचे मूल्य, ओलावा, सरकीचा भाव आणि अर्धवट झालेली मजुरीची बिले यांवरून वाद होतात. जूननंतर गोदाम जवळपास रिकामे असते, कॅश क्रेडिट खाते खाली आलेले असते, आणि किंमत ठरवताना धरलेली देणी व शिल्लक ताब्याच्या दिवशीच्या प्रत्यक्ष आकड्यांशी सहज जुळवता येतात. फरक निघाला तर ४.१ कोटींत तेवढी भर किंवा वजावट करायची, असे कलम करारात हवे. सीसीआयची निविदा भरण्यासाठी आणि विम्याच्या नूतनीकरणासाठीही हाच काळ सोयीचा पडतो. जुना मुकादम, फिटर आणि हिशेबनीस पहिला हंगाम थांबतील का, हे मालकाच्या शब्दावर न सोडता त्यांच्याशी स्वतः बोलून घ्यावे. डबल रोलर जिनचा उतारा कोणत्या फिटरच्या हाताने टिकतो हे कोणत्याही ताळेबंदात लिहिलेले नसते.

ताबा ऑगस्टमध्ये घेतला, तर २.३ कोटींवर पहिल्या १५ मार्चपर्यंत साडेसात महिन्यांचे सुमारे २० लाख व्याज साठते. म्हणजे पहिला २० लाखांचा हप्ता जवळपास सगळा व्याजातच जातो आणि मुद्दल मेपासून उतरू लागते. हे आधी माहीत असले की मार्चचा खातेउतारा पाहून घाबरून ३० लाखांच्या ठेवीला हात लावण्याची वेळ येत नाही. १५ जूनचा हप्ता गेल्यावर त्या हंगामाचा डीएससीआर काढावा, तो वित्तसंस्थेला आणि विकणाऱ्याला लेखी कळवावा, आणि पुढच्या वर्षी विकणाऱ्याचे पहिले २० लाख द्यायचे की थांबवायचे, हे त्यानंतर येणाऱ्या जूनच्या आकड्यावर ठरवावे.